डावा रकाना, उजवा रकाना

जानेवारी २०२५ मधल्या एका रविवारी माझी भाची डोंबिवलीहून मुलुंडला माझ्याकडे आली. तिच्या मोबाइलमध्ये नोकरीच्या जाहिरातीचा एक स्क्रीनशॉट होता आणि लॅपटॉपमध्ये त्या नोकरीसाठी लिहिलेले एक कव्हर लेटर. आदल्या रात्री तिने ते घाईघाईने पाठवूनही दिले होते. परंतु पत्ता चुकीचा असल्याने मेल परत आली होती. एरवी अशा गोष्टीने ती हिरमुसली असती, पण मेल परत आल्यामुळेच पत्र पुन्हा वाचण्याची संधी मिळाली, असे आता आम्हा दोघींनाही वाटते.

जाहिरात मरोळ भागातल्या, माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीची होती आणि पद होते एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्हचे. पदवीधर, शक्यतो वाणिज्य शाखेचा, निर्यात कागदपत्रांच्या कामाचा दोन ते चार वर्षांचा अनुभव, शिपिंग बिल आणि एचएस वर्गीकरणाची माहिती, एलसीखालच्या कागदपत्रांची जाण, धोकादायक मालाच्या निर्यातीशी परिचय असल्यास प्राधान्य, एक्सेल, परदेशी एजंटांशी पत्रव्यवहार करता येईल असे इंग्रजी, आणि लवकर रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. एवढे सगळे त्या एका चित्रात होते. शिपिंग बिल म्हणजे माल निर्यात करण्यासाठी कस्टम्सकडे दाखल करायचा कागद, आणि एचएस वर्गीकरण म्हणजे मालाच्या प्रकाराला ठरलेला आकडी कोड देणे. भाची मस्जिद बंदरजवळच्या एका कस्टम्स ब्रोकरच्या कार्यालयात काम करत होती, म्हणजे नोकरी तिच्याच क्षेत्रातली होती. तिचे पत्र मात्र कोणत्याही क्षेत्रातल्या कोणत्याही नोकरीला चालले असते. ती मेहनती होती, शिकण्यास उत्सुक होती आणि जाहिरातीत नमूद केलेल्या ‘सर्व अपेक्षा पूर्ण करत’ होती, असे त्यात लिहिले होते. यातले खोटे काहीच नव्हते, पण वाचणाऱ्याला ते खरे मानायला एकही कारण दिलेले नव्हते.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे फोर्टमधल्या एका बँकेच्या निर्यात बिलांच्या विभागात गेली. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. आयातदाराची बँक त्यात लेखी सांगते की अमुक कागद, अमुक स्वरूपात, अमुक तारखेच्या आत आणून द्या, म्हणजे पैसे मिळतील. निर्यातदार ते कागद आमच्याकडे आणत असे. मी डाव्या हाताला एलसी ठेवत असे, उजव्या हाताला कागदांचा संच, आणि एलसीच्या एकेका ओळीखाली पट्टी ठेवून ती अट उजवीकडच्या नेमक्या कोणत्या कागदाने, नेमक्या कोणत्या शब्दांनी पूर्ण होते, ते पाहत असे. ‘सर्व अटी पूर्ण केल्या आहेत’ असे निर्यातदाराने वरच्या पत्रात लिहिलेले असायचेच. त्या वाक्यावर आम्ही कधी पैसे दिले नाहीत. भाचीचे पत्र वाचताना मला ते वरचे पत्र आठवले.

म्हणून मी तिला पहिले काम सांगितले ते जाहिरात हाताने टंकून काढण्याचे. स्क्रीनशॉट हे चित्र असते. ते पाहताना नजर ओळखीच्या शब्दांवर थांबते आणि बाकीच्यांवरून घसरते. टंकताना प्रत्येक शब्द बोटांखालून जातो. तिने पानाचे दोन रकाने केले आणि डाव्या रकान्यात एका ओळीत एकच अपेक्षा, जाहिरातीच्याच शब्दांत, लिहीत गेली. तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. ‘शिपिंग बिल आणि एचएस वर्गीकरण’ ही तिने एक समजलेली अपेक्षा खरे तर दोन होत्या. शिवाय चित्राच्या तळाशी एक ओळ अर्धी कापली गेली होती. अक्षरांचे फक्त माथे दिसत होते.

ती कापलेली ओळ मला स्वस्थ बसू देईना. स्क्रीनशॉट तिला तिच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता, तिथे तो दुसऱ्या ग्रुपवरून आला होता, आणि एवढ्या प्रवासात चित्र धूसर झाले होते. त्यावर तारीखही नव्हती. जाहिरात आठवड्यापूर्वीची आहे की वर्षापूर्वीची, हे कळण्याचा मार्ग नव्हता. आम्ही कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन नोकऱ्यांचे पान उघडले. जाहिरात तिथे होती आणि तारखेसह होती. मेल का परत आली तेही तिथेच कळले. पत्त्यातली `rn` ही दोन अक्षरे धूसर चित्रात `m` सारखी दिसत होती आणि तिने `m` टंकले होते. कापलेली ओळ अशी होती: उमेदवाराने कव्हर लेटरमध्ये नोटिस पिरियड नमूद केलाच पाहिजे. सबंध जाहिरातीत ‘केलेच पाहिजे’ अशी भाषा फक्त त्या एका ओळीत होती, आणि नेमकी तीच चित्रातून गेली होती.

आता उजवा रकाना भरायचा होता. मी सवयीने वरून खाली जायला निघाले आणि इथे माझीच चूक झाली. एलसीमध्ये सगळ्या अटी सारख्याच वजनाच्या असतात. पॅकिंग लिस्टच्या तीन प्रती मागितल्या आणि दोनच आल्या, तरी ती डिस्क्रिपन्सी असते आणि बँक कागद नाकारू शकते. जाहिरात तशी नसते. ती लिहिणाऱ्या माणसाच्या मनात दोन-तीन गोष्टी अशा असतात की ज्यांच्यावाचून सोमवारी सकाळी त्याचे टेबल अडून राहते, आणि उरलेल्या असल्या तर बऱ्या अशा असतात. त्या ओळखायच्या कशा? पदाच्या नावात काय आहे, कामाच्या वर्णनात आधी काय आले आहे, आणि ‘आवश्यक’ कुठे व ‘प्राधान्य’ कुठे लिहिले आहे, हे पाहून. या जाहिरातीत कामाच्या वर्णनाच्या पहिल्या तीन ओळी शिपिंग बिल, बँकेचे कागद आणि रसायनांच्या ग्राहकांविषयी होत्या. म्हणजे धोकादायक माल ‘प्राधान्य’ या सदरात टाकलेला असला, तरी रोजच्या कामात तो होताच. पत्राचे एक पान या तिन्हींवर खर्च करायचे आणि बाकीच्या गोष्टी ओझरत्या सांगायच्या, असे आम्ही ठरवले. वाणिज्य पदवी हा तर बायोडेटातला एक शब्द होता. पत्रात तिला अर्धे वाक्य पुरले.

शिपिंग बिलाच्या ओळीसमोर तिने लिहिले, “दररोज अनेक शिपिंग बिले फाइल केली.” मी विचारले, “फाइल कोण करतं?” ती थोडी थांबली. शिपिंग बिल कस्टम्सच्या आइसगेट या पोर्टलवर डिजिटल सहीने दाखल होते आणि ती सही तिची नव्हती, कार्यालयातल्या अधिकृत माणसाची होती. तिचे काम त्याच्या आधीचे होते. निर्यातदाराचे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट घेऊन ती सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरत असे, आठ आकडी एचएस कोड मालाच्या वर्णनाशी ताडून पाहत असे, त्या बिलाचा तपासणीचा मसुदा म्हणजे चेकलिस्ट काढून निर्यातदाराकडे मंजुरीला पाठवत असे आणि त्याच्या दुरुस्त्या करून ती सहीसाठी पुढे देत असे. “पण मावशी, मेहनत तर सगळी माझीच असते ना!” ती म्हणाली. ते खरे होते, आणि म्हणूनच ती मेहनत तिच्या खऱ्या नावाने लिहायला हवी होती. या क्षेत्रातला माणूस ‘फाइल केली’ हा शब्द वाचला की पहिला प्रश्न सहीचाच विचारील. तिथे ‘नाही, सही दुसऱ्यांची’ असे म्हणावे लागले, की पत्रातल्या उरलेल्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. ‘माहिती भरून चेकलिस्ट तयार केली आणि मंजुरीपर्यंत नेली’ हे लांबलचक वाटते खरे, पण ज्याला हे काम करून घ्यायचे आहे त्याला त्या एका वाक्यात टेबलावरचे सगळे टप्पे दिसतात.

मग राहिला ‘अनेक’. अनेक म्हणजे किती? तिला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्यावर तिने रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावासमोरच्या डिसेंबरच्या नोंदी मोजल्या. त्या १४३ निघाल्या. पत्रात तो आकडा ‘गेल्या डिसेंबरमध्ये १४३’ असा महिन्यासह घातला. त्याला बाराने गुणून वर्षाचा आकडा काढण्याचा मोह तिला झाला होता. मी नको म्हटले, कारण मोजलेला महिना एकच होता. नमुना म्हणून एक चेकलिस्ट सोबत जोडावी, असेही तिच्या मनात होते. तेही थांबवले. चेकलिस्टवर निर्यातदाराचे नाव, त्याचा आयात-निर्यातीसाठीचा आयईसी क्रमांक, मालाची किंमत, परदेशी ग्राहकाचे नाव असे सारे असते, आणि तो कागद तिचा नसतो. शिवाय जो आपल्या कार्यालयाचे कागद नोकरीच्या अर्जाला जोडतो, तो उद्या आमचेही जोडील, असे समोरच्याने मानले तर त्याला दोष देता येणार नाही. पत्रात ग्राहकाचे नाव न घेता मालाचा प्रकार सांगितला तरी काम भागते: तयार कपडे, स्टीलची भांडी, रंग.

एलसीच्या ओळीपाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ बसलो. त्यात माझाही जीव अडकलेला होता, हे कबूल करते. पहिल्या पत्रात तिने ‘एलसीचे उत्तम ज्ञान’ असे लिहिले होते. ज्ञान किती, हे स्वतःचे स्वतः ठरवण्यापेक्षा तू काय केलेस ते सांग, असे मी म्हटले. बराच वेळ तिला काही आठवेना. मग भांड्यांच्या एका लहान निर्यातदाराची गोष्ट निघाली. त्याच्याकडे कागद करायला माणूस नसल्याने बँकेचा संचही याच कार्यालयात तयार होई. त्याच्या एलसीत मालाचे वर्णन ‘स्टेनलेस स्टील किचनवेअर’ असे होते आणि इन्व्हॉइसवर नेहमीप्रमाणे ‘स्टेनलेस स्टील युटेन्सिल्स’ छापले होते. माल तोच होता. पण यूसीपी ६०० म्हणजे २००७ पासून जगभर एलसीला लागू असलेल्या नियमांच्या १८व्या कलमात, इन्व्हॉइसवरचे मालाचे वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळले पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. इतर कागदांवर विरोध होणार नाही असे सर्वसाधारण वर्णन चालते, इन्व्हॉइसवर चालत नाही. तिला कलम ठाऊक नव्हते. दोन शब्द वेगळे आहेत एवढे तिला दिसले होते आणि कागद बँकेत जाण्याआधी तिने निर्यातदाराला फोन करून इन्व्हॉइस बदलून घेतले होते. “हे काय सांगायचं? एक शब्द तर बदलला,” ती म्हणाली. माझ्या टेबलावर अशा एका शब्दापायी किती जणांचे पैसे आठवडेच्या आठवडे अडकलेले मी पाहिले आहेत, ते तिला त्या दिवशी सविस्तर सांगितले. ‘उत्तम ज्ञान’ काढून त्या जागी ही घटना दोन वाक्यांत आली.

हाच नियम पत्राच्या शब्दांनाही उपयोगी पडला. जाहिरातीत ‘एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन’ असे लिहिले होते आणि भाचीने ‘शिपिंग पेपरवर्क’ असे लिहिले होते. काम एकच. परंतु पत्र आधी मनुष्यबळ विभागातल्या व्यक्तीच्या हातात पडते, आणि तिला या कामातले बारकावे ठाऊक असतीलच असे नाही. जाहिरातीतला शब्द पत्रात दिसतो का, एवढेच ती पाहू शकते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या अपेक्षेचे नाव एकदा जाहिरातीच्याच शब्दांत यावे आणि त्यानंतर तपशील आपल्या शब्दांत यावा. जाहिरातीची सगळी वाक्येच उचलून परत लिहिली, तर मात्र वाचणाऱ्याला स्वतःचीच जाहिरात पुन्हा वाचल्यासारखे होते.

धोकादायक मालासमोरचा रकाना तिने कोरा ठेवला होता. तो तसाच ठेवायचा की काहीतरी भरायचे, यावर आमचा थोडा वादही झाला. ‘परिचय आहे’ असे मोघम लिहून पुढे जावे, असे तिचे म्हणणे होते. मी विचारत गेले तेव्हा कळले की रंगाच्या तीन खेपा तिने हाताळल्या होत्या. सॉल्व्हंट असलेला ज्वालाग्राही रंग यूएन १२६३ या क्रमांकाखाली, तिसऱ्या वर्गात, म्हणजे ज्वालाग्राही द्रवांत मोडतो. उत्पादकाकडून येणाऱ्या सेफ्टी डेटा शीटमध्ये सोळा विभाग असतात आणि वाहतुकीची माहिती चौदाव्या विभागात असते. तिथला यूएन क्रमांक, वर्ग आणि धोक्याची तीव्रता सांगणारा पॅकिंग ग्रुप इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्टवरच्या नोंदींशी जुळतात का, हे तिने तपासले होते. डेंजरस गुड्स डिक्लरेशन मात्र तिच्या सीनियरने तयार केले होते आणि सही निर्यातदाराची होती. म्हणजे रकाना कोरा नव्हता आणि पूर्ण भरलेलाही नव्हता. आम्ही तो जेवढा भरला होता तेवढाच लिहिला आणि न केलेला भागही त्याच वाक्यात सांगितला. त्याबद्दल दिलगिरी किंवा ‘लवकरच शिकेन’ असे आश्वासन त्याला जोडले नाही.

एक्सेलसाठी एक वाक्य पुरले: कंटेनर क्रमांकावरून शिपिंग बिल आणि लेट एक्स्पोर्ट ऑर्डरची, म्हणजे माल पाठवण्याच्या कस्टम्सच्या परवानगीची, तारीख `VLOOKUP` ने जोडणारा रोजचा तक्ता ती सांभाळत होती. इंग्रजीबद्दल काहीच लिहिले नाही, कारण पत्रच इंग्रजीत होते.

पत्राचा मधला भाग शेवटी असा झाला. इथे तो मराठीत देते.

“आपल्या जाहिरातीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनचा दोन ते चार वर्षांचा अनुभव अपेक्षित आहे. मी जून २०२२ पासून एका कस्टम्स ब्रोकरकडे हेच काम करते. शिपिंग बिलाची माहिती भरणे, एचएस कोड मालाच्या वर्णनाशी ताडणे आणि चेकलिस्ट निर्यातदाराकडून मंजूर करून सहीसाठी देणे ही माझी जबाबदारी आहे. गेल्या डिसेंबरमध्ये मी अशा १४३ चेकलिस्ट पूर्ण केल्या. एलसीखालच्या कागदपत्रांपैकी एका निर्यातदाराचे बँकेचे संच मी तयार करते. त्यांच्या इन्व्हॉइसवरील मालाचे वर्णन एलसीपेक्षा वेगळे असल्याचे लक्षात आल्यावर, कागद बँकेत जाण्यापूर्वी मी ते दुरुस्त करून घेतले. धोकादायक मालाच्या बाबतीत रंगाच्या (यूएन १२६३, वर्ग ३) तीन खेपांची सेफ्टी डेटा शीट मी इतर कागदांशी ताडून पाहिली आहे. डेंजरस गुड्स डिक्लरेशन माझ्या वरिष्ठांनी तयार केले होते. माझा नोटिस पिरियड ३० दिवसांचा आहे.”

पाठवण्यापूर्वी मी तिच्याकडून बायोडेटा मागून घेतला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. यूसीपीच्या १४व्या कलमात एक समंजस तत्त्व आहे: निरनिराळ्या कागदांवरची माहिती शब्दशः सारखी असण्याची गरज नाही, पण तिच्यात परस्परविरोध असता कामा नये. तिच्या बायोडेटात ‘सुमारे तीन वर्षांचा अनुभव’ असे होते आणि पत्रात जून २०२२. जानेवारी २०२५ पर्यंत मोजले तर दोन वर्षे सात महिने होतात. जाहिरातीला दोन वर्षे पुरेशी होती. म्हणजे हे वाढवलेले पाच महिने तिला काहीच मिळवून देत नव्हते, आणि नोकरीत रुजू झाल्याची तारीख भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत सरळ दिसते. बायोडेटातली ओळ बदलली. नोटिस पिरियडच्या जागी ‘ताबडतोब रुजू होऊ शकेन’ असे लिहावे, म्हणजे प्राधान्य मिळेल, असे तिच्या एका मैत्रिणीने सुचवले होते. पण नेमणूकपत्रात ३० दिवस लिहिलेले होते, तेव्हा तो प्रश्न तिथेच संपला.

मंगळवारी रात्री पत्र योग्य पत्त्यावर गेले. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि ठिकाण होते, सोबत दोन पीडीएफ. पुढच्या आठवड्यात तिला मुलाखतीला बोलावले. डोंबिवलीहून घाटकोपरला उतरून मेट्रोने ती मरोळ नाक्याला गेली आणि संध्याकाळी परतताना मुलुंडला उतरून माझ्याकडे आली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पत्राची छापील प्रत समोर ठेवली होती आणि रंगाच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. “डिक्लरेशन तुम्ही केलं नाही?” त्यांनी विचारले. “नाही, मॅडम. मी फक्त डेटा शीट ताडून पाहिली,” असे हिने सांगितले. त्यांनी ड्रॉवरमधून एका चिकट द्रव्याची, हिने कधी न पाहिलेली डेटा शीट काढून पुढे केली आणि यात काय पाहाल, असे विचारले. भाचीने पाने उलटून चौदावा विभाग काढला आणि यूएन क्रमांक, वर्ग व पॅकिंग ग्रुप वाचून दाखवले. त्यानंतर बाईंनी ३० दिवसांतले काही कमी होतील का, असे विचारले, आणि उरलेले बोलणे त्याच विषयावर झाले.